शितावरून सोन्याची परीक्षा

महाराष्ट्रात सत्कारांना तोटा नाही. दहावीला नव्वद टक्के पडले की शाल, निवृत्त झालं की श्रीफळ, आणि काहीच जमलं नाही तर समाजभूषण. पण रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाकडून अर्धा किलो सोनं साडेतीन लाखांत घेऊन घरी येणाऱ्या गृहस्थाला आजवर कुणी साधा गुलाबही दिलेला नाही. उलट वर्तमानपत्रं त्याला आतल्या पानावर, 'स्वस्तात सोने देण्याचे आमिष' या ठरावीक मथळ्याखाली, टँकरच्या अपघाताशेजारी जागा देतात आणि मजकुरात त्याचा उल्लेख 'फिर्यादी' असा करतात. वाचणारे चहाचा घोट घेत म्हणतात, "काय मूर्ख माणूस!"

या मताशी मी सहमत नाही. मूर्ख माणसाला हा व्यवहार जमतच नाही. त्यासाठी सोन्याचा आजचा भाव माहीत असावा लागतो, बँकेत मोडण्यासारखी ठेव असावी लागते, ओळखीचा सराफ असावा लागतो, घासाघीस करता यावी लागते आणि घरात बायकोला पत्ता लागू न देण्याइतका जिभेवर ताबा असावा लागतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्याकडे असं सोनं कुणी घेऊन जात नाही. हा मान निवडक लोकांचा आहे.

नमुन्यादाखल एक गिऱ्हाईक घेऊ. खरं नाव कुणाचंच नको. त्यांना भाऊसाहेब म्हणू. तालुक्याच्या गावी बांधकाम साहित्याचं दुकान, वय अठ्ठावन्न, उधारीत कधी बुडाले नाहीत. बाजारात वांगी घेतानासुद्धा देठ बघून घेणारे. त्यांच्या दुकानात एक दिवस एक मजूर येतो, अर्धा किलो बाइंडिंग वायर घेतो आणि पैसे देता देता कनवटीतून एक जुनं चांदीचं नाणं काढतो. राणीचा मुखडा असलेलं.

"शेठ, ह्ये चालतं का हो कुठं?"

"कुठं घावलं रे?"

"पायाच्या खोदकामात."

एवढंच. भाऊसाहेब नाणं उलटसुलट बघतात, शंभराच्या दोन नोटा पुढे करतात, मजूर हात जोडून निघतो. नाणं खरंच चांदीचं असतं. या व्यवहारातली ही पहिली खरी वस्तू. फोन नंबर दुकानाच्या पाटीवर आहेच, तो मागावाही लागत नाही.

दोन दिवसांनी फोन येतो. "शेठ, आनखी बी हाय. माळ हाय एक, पिवळी. पितळंची आसंल, पन तुमी जानकार मानूस, बघून सांगा."

इथे वाचकांनी क्षणभर थांबावं. माळ पितळेचीच आहे. विकणाऱ्यानं ते पहिल्याच फोनवर, कुणी न विचारता, स्वच्छ सांगून टाकलेलं आहे. सराफकट्ट्यावर तरी असा प्रांजळपणा कुठे बघायला मिळतो?

भेट ठरते एसटी स्टँडच्या मागच्या चहाच्या टपरीवर. मजुराबरोबर एक म्हातारी असते, ती त्याची आई, आणि एक शेंबडं पोर, ते पुतण्या. म्हातारीच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली माळ. भाऊसाहेब फडकं जरासं उघडतात. टपोरे, खोल घाटाचे मणी, खाचांत लाल माती बसलेली. दीडशे वर्षांपूर्वीच्या हंड्यातून निघालेली ही माळ सुती दोऱ्यात ओवलेली असते, आणि तो दोरा शाबूत असतो. ओल्या जमिनीत पुरलेलं सूत काही वर्षांत कुजून जातं. आपल्याच दुकानात गोणपाटाची गत एका पावसाळ्यात काय होते, हे भाऊसाहेबांना चांगलं ठाऊक आहे. पण पूर्वीच्या लोकांच्या कामाची गोष्टच वेगळी, असं मनाशी म्हणून ते पुढे जातात. इतिहासाविषयी एवढा आदर हल्ली प्राध्यापकांतही दिसत नाही.

फडकं मिटून, चेहरा शक्य तितका आंबट करून ते म्हणतात, "पितळच दिसतंय रे."

म्हणजे आता दोन्ही पक्षांचं एकमत झालं. विकणारा म्हणतो पितळ, घेणारा म्हणतो पितळ, आणि वस्तूही पितळेचीच. फरक इतकाच, की घेणाऱ्याला आपण खोटं बोलतोय असं वाटतं. त्याचं सगळं समाधान त्या वाटण्यात आहे, आणि मला वाटतं, साडेतीन लाखांतला मोठा हिस्सा त्या समाधानासाठीच खर्च होतो. आपण एका अडाणी माणसाचं पन्नास लाखांचं सोनं पितळेच्या भावात काढून घेतोय, ही भावना फुकट कुठून मिळणार?

मजूर म्हणतो, "मग दोन मनी तपासून या, शेठ. पैसं नंतर." भाऊसाहेब काही कच्चे नाहीत. टोकाचे मणी नकोत, मधले दे, म्हणतात. मजूर निमूटपणे मधून दोरा दातानं तोडतो, दोन मणी हातात घेतो, कागदाच्या पुडीत बांधतो आणि देतो. माळेतून तळहातावर आणि तळहातावरून पुडीत, एवढाच मण्यांचा प्रवास. पण सगळा धंदा या वीतभर अंतरात बसलेला आहे. तळहातात दोन खरे मणी आधीपासून तयार असतात. माळेतले दोन तिथेच मुडपलेल्या बोटांत राहतात. तुम्ही मधले मागा, टोकाचे मागा, डोळे मिटून मागा, पुडीत यायचे तेच येतात. जत्रेत अंगठी गायब करणाऱ्याला आपण टाळ्या वाजवतो. इथे तर तो अंगठी देऊन जातो.

भाऊसाहेब पुडी घेऊन ओळखीच्या सराफाकडे जातात. सराफ मणी कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, रेघ उमटते, तिच्यावर नायट्रिक ॲसिडचा थेंब सोडतो. पितळेची रेघ असती तर हिरवट होऊन विरघळून गेली असती. ही तशीच पिवळी राहते. मग मणी यंत्राखाली जातो, यंत्र टंच दाखवतं. "बावीस कॅरेट आहे, भाऊसाहेब. कुठून आणलं?"

"घरातलंच, आईचं."

सराफ खोटं बोललेला नाही. पुडीतले दोन मणी बावीस कॅरेटचे होते आणि त्यानं त्या दोन मण्यांबद्दलच सांगितलं. बाकीच्या माळेबद्दल त्याला कुणी विचारलं नाही, आणि माळ तर म्हातारीच्या काखेत होती. पण शितावरून भाताची परीक्षा करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. स्वयंपाकघरात ते खरंही आहे, कारण सगळं भांडं एकाच आचेवर शिजलेलं असतं आणि शीत आपण आपल्या हातानं उचलतो. इथे शीत भात विकणाऱ्यानं निवडून, आपल्या खिशातून काढून दिलेलं असतं. पण हा फरक काढत बसणाऱ्याला लोक तिरसट म्हणतात, आणि भाऊसाहेब चारचौघांत मिळून मिसळून राहणारे आहेत.

आता घासाघीस. मजूर दहा लाख मागतो. भाऊसाहेब दोन म्हणतात. फोनवर चार दिवस चालतं. म्हातारी आजारी आहे, गावी जायचंय, ठेकेदाराला वास लागलाय, असं एकेक कारण येतं आणि प्रत्येक कारणाबरोबर भाव थोडा उतरतो. शेवटी साडेतीनवर तुटतं. तोळ्याचा भाव लाखाच्या पलीकडे गेलेला असताना भाऊसाहेबांना तोळा सात हजाराला पडला. एवढा स्वस्त सौदा झाल्यावर संशय यायला हवा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण भाव आपण स्वतः घाम गाळून उतरवलेला असला की तो संशयास्पद वाटत नाही, तो आपला पराक्रम वाटतो.

या चार दिवसांत मजूर एकच अट घालतो. "कुनाला सांगू नगा, शेठ. सरकार जप्त करंल." हेही जवळजवळ खरं आहे, हे मान्य करावं लागेल. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनासाठी आपल्याकडे १८७८ सालापासून कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर ते ज्याला सापडलं त्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि दडवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण मजूर कायद्याचा पुढचा भाग सांगत नाही, आणि भाऊसाहेब विचारत नाहीत. चौकशीत त्या धनाला कुणी मालक नाही असं ठरलं, तर जमीनमालकाशी वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा असतो, उरलेला जमीनमालकाचा. सरकारला ते धन स्वतःकडे ठेवायचं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मोजावा लागतो. म्हणजे खरंच हंडा सापडलेल्या मजुराला, अर्ज करून, पन्नास लाखांच्या माळेतले निदान पस्तीस-सदतीस लाख उजळ माथ्यानं मिळण्याची वाट आहे. ती सोडून तो साडेतीन लाखांत, तेही बाइंडिंग वायरच्या दुकानदाराला, माळ देतो. याला माणुसकी म्हणतात.

गुंतवणूकही बघा. खरे दोन मणी, समजा मिळून एक ग्रॅम, दहा-बारा हजारांचे. ते परत मिळत नाहीत, नमुना म्हणून गिऱ्हाईकाकडेच राहतात. अर्धा किलो पितळ काही शे रुपयांचं. दोन-तीन सिमकार्डं, म्हातारीचा आणि पोराचा रोज, एसटीचं भाडं. एवढ्यावर साडेतीन लाख. कुठल्याही सहकारी पतपेढीनं या मंडळींकडून प्रकल्प अहवाल मागवून घ्यावा.

ठेव मोडली जाते. घरी सांगितलं जातं की प्लॉटचा टोकन द्यायचाय. सोनं मिळणार ही गोष्ट लपवायला जागा मिळणार असं सांगणं, ही कल्पकता साध्या माणसाची नव्हे.

व्यवहार सकाळी सहाला, महामार्गावरच्या पेट्रोल पंपापुढच्या वळणावर. भाऊसाहेब स्वतःचा डिजिटल काटा घेऊन जातात, कारण अशा लोकांचा भरवसा काय. माळ काट्यावर ठेवतात. पाचशे बारा ग्रॅम. बोललं होतं पाचशे. बारा ग्रॅम जास्तच! मजुराला काही कळत नाही, भाऊसाहेब कळू देत नाहीत, काटा पटकन पिशवीत जातो. कसोटीचा दगड बरोबर आणावा, असं त्यांच्या मनात येत नाही, कारण कस तर आधीच लागलेला आहे. तेवढ्यात मजूर रस्त्याकडे बघून "पोलिसांची गाडी आली वाटतं" म्हणतो. नोटा म्हातारीच्या पिशवीत, माळ भाऊसाहेबांच्या डब्यात, आणि सगळे दोन दिशांना. मोजायला कुणी थांबत नाही. भाऊसाहेबांनी एका बंडलात दोन हजार कमी घातले होते, ही गोष्ट त्यांनी पुढे फिर्यादीत सांगितली नाही.

घरी, आतली कडी लावून, ते डबा उघडतात. इथे खरं तर वेळही होता आणि साधनंही. त्यासाठी सराफ लागत नाही. सोनं भयंकर जड असतं. पाण्याच्या एकोणीस पट. बावीस कॅरेटचं, तांबं-चांदी मिसळलेलं, साधारण साडेसतरा पट. पितळ साडेआठच्या आसपास. म्हणजे पाचशे ग्रॅम बावीस कॅरेट सोनं जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस मिलीलीटर जागा घेतं. पितळ साठ. काठोकाठ पाणी भरलेल्या तांब्यात दोऱ्यानं माळ सोडायची आणि ताटात सांडलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजायचं. दहा मिलीच्या तीन मापांत भागलं तर सोनं असू शकतं. सहा मापं भरली तर ठेव गेली. मात्र ही परीक्षा भरीव मण्यांनाच लागू पडते. मणी पोकळ असले किंवा आत लाख भरलेली असली, तर पाणी खऱ्या सोन्यालाही नापास करील. यंत्राचंही तसंच. ते फक्त वरचे काही मायक्रॉन वाचतं. जाड मुलामा दिलेल्या पितळेला ते आनंदानं सोनं म्हणतं. खात्री हवी तर मणी कापावा लागतो किंवा आटवावा लागतो, आणि तो कुठलाही एक मणी नव्हे, माळेतून आपण आपल्या हातानं तोडलेले पाच-सहा.

पण भाऊसाहेबांना तांब्या आठवत नाही. ते तीन दिवस माळ कपाटात ठेवतात आणि रोज रात्री बघतात. हे तीन दिवस, हिशेबानं बघितलं तर, त्यांच्या आयुष्यातले सर्वांत श्रीमंत दिवस. चौथ्या दिवशी ते दुसऱ्या गावच्या सराफाकडे जातात. पहिल्याकडे जायचं तर 'आईचं' अर्धा किलो निघालं कुठून, हे सांगावं लागलं असतं. दगडावर रेघ, रेघेवर थेंब, थेंबाखाली हिरवा फेस, आणि रेघ गायब. सराफ दुसरा मणी घासतो, तिसरा घासतो. मग चहा मागवतो. मजुराचा फोन बंद असतो.

बाजारात या प्रकाराच्या इतरही आवृत्त्या आहेत. स्टँडवर एकट्या बाईंना गाठून 'रस्त्यात पुडकं सापडलं' म्हणणारी जोडी असते. पुडक्यात सोन्याचं बिस्कीट आणि शिवाय सराफाची छापील पावती. सोनं हरवणाऱ्यानं ते पावतीत गुंडाळून हरवावं, एवढा व्यवस्थित माणूस तुम्ही पाहिलाय का? वाटणी करायला सुट्टं सोनं नसतं, म्हणून मावशी, तुमच्या गळ्यातलं मंगळसूत्र द्या, बिस्कीट तुम्ही ठेवा. इथे रोख पैसे लागत नाहीत, आणि नमुन्याचा खर्चही वाचतो.

मात्र अहिल्यानगर जिल्ह्याच्या काही भागांत या कलेला उतरती कळा लागली आहे. तिथे 'ड्रॉप' नावानं जे चालतं, त्यात स्वस्त सोन्यासाठी गिऱ्हाईकाला आडरानात बोलावतात आणि तिथे दबा धरून बसलेले आठ-दहा जण मारहाण करून रोकड, मोबाइल, अंगावरचं असेल ते काढून घेतात. पितळसुद्धा देत नाहीत. दोन मणी, म्हातारी, चार दिवसांची घासाघीस, सगळ्यालाच फाटा. जुन्या पद्धतीत निदान गिऱ्हाईकाच्या बुद्धीला काही काम होतं.

आता फिर्यादीचं. ठाण्यात भाऊसाहेबांची अडचण अशी, की फसवणूक झाली हे सांगायचं तर काय घ्यायला गेलो होतो हेही सांगावं लागतं. माळ खरी असती, तर ते दडवलेलं गुप्तधन गुपचूप विकत घेणारे ठरले असते. खोटी निघाली, म्हणून ते पीडित झाले. पितळेनं त्यांची अब्रू वाचवली, असंच म्हणायला हवं. पण बरेच जण एवढा विचार न करता गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावर पुढच्या गावातला पुढचा व्यवहार उभा राहतो. खरं तर फसवणुकीचं कलम गिऱ्हाईकाच्या मनात काय होतं हे विचारत नाही. पूर्वीचं ४२०, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८. फोन नंबर, तारीख, वळणावरच्या पंपाचा कॅमेरा आणि ते दोन खरे मणी, एवढं घेऊन पहिल्याच दिवशी गेलं तर पोलिसांना हातात धरायला काहीतरी मिळतं. तीन दिवस कपाटात घालवले की पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रणही पुसलं जाऊ शकतं.

ज्यांना असा फोन आलेला आहे आणि ज्यांची ठेव मोडायची तयारी आहे, त्यांना एकच सूचना. व्यवहार मोडायचा नसेल, तर एक वाक्य चुकूनही बोलू नका: "पूर्ण माळ घेऊन तू माझ्याबरोबर सराफाकडे चल, तिथे मी मणी तोडतो आणि तिथेच पैसे देतो." हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस चहा अर्धा टाकून उठतो आणि पुन्हा फोन करत नाही.